सूत्राआधीची पाच मिनिटं

*माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. भौतिकशास्त्राची सगळी सूत्रं तिला तोंडपाठ आहेत, थिअरी विचारली तर घडाघडा सांगते. पण न्यूमेरिकल आलं आणि प्रश्न जरा फिरवून विचारलेला असला की हातपाय गाळते. "कुठलं सूत्र लावू?" एवढंच विचारत बसते. उत्तर दाखवलं की म्हणते, "हे तर मला येत होतं." रोज दोन तास उदाहरणं सोडवते, तरी फरक पडत नाही. मी स्वतः विज्ञान शाखेची नाही. मला तिला काही मदत करता येईल का, की आणखी एक शिकवणी लावू?*

*— एक आई*

नमस्कार,

शिकवणीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुम्हाला मदत नक्की करता येईल आणि त्यासाठी भौतिकशास्त्र यायची गरज नाही. उलट विषय येत नसल्याचा इथे थोडा फायदाच होईल. ज्याला उत्तर माहीत असतं त्याला गप्प बसवत नाही, आणि तुमच्या मुलीला सध्या गरज आहे ती शेजारी बसून नेमके प्रश्न विचारणाऱ्या माणसाची.

"हे तर मला येत होतं" हे ती खरंच बोलते आहे. सूत्र तिला येतच होतं. अडतं ते त्याच्या आधी, प्रश्नातल्या शब्दांमधून प्रत्यक्षात काय घडतंय ते डोळ्यांसमोर उभं करण्यात. प्रश्न वाचल्या वाचल्या ती दिलेल्या आकड्यांकडे बघते आणि ते आकडे ज्यात बसतील असं सूत्र शोधते. सरळ प्रश्नात ही युक्ती चालून जाते, म्हणून सवय पक्की होते. प्रश्न फिरवला की नेमकी तीच सवय आड येते.

माझ्या वर्गात जवळजवळ दरवर्षी अडखळायला लावणारं एक उदाहरण घेते. ते आज संध्याकाळी तिच्यापुढे ठेवा.

"५० किलो वस्तुमानाची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट वर जात आहे आणि वरचा मजला जवळ आल्याने तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत आहे. काटा व्यक्तीला किती बलाने वर ढकलत आहे? `g` ची किंमत १० घ्या."

सूत्र शोधणारी मुलं इथे एका झटक्यात उत्तर देतात. लिफ्ट वर जाताना `m(g + a)` आणि खाली जाताना `m(g − a)` असं त्यांनी पाठ केलेलं असतं. लिफ्ट वर चालली आहे, म्हणजे बेरीज. ५० गुणिले १२, उत्तर ६०० न्यूटन. आकडेमोड अचूक आणि उत्तर चूक.

आता तेच उदाहरण सूत्राला हात न लावता सुरू करू. तिला कोऱ्या कागदावर एक ठिपका काढायला सांगा. तो ठिपका म्हणजे ती व्यक्ती, बाकी काही नाही. लिफ्ट, दोर, मोटर या सगळ्याला आकृतीत जागा नाही, कारण आपण फक्त त्या व्यक्तीबद्दल बोलतोय. मग विचारा, "हिला कोण कोण ढकलतंय किंवा ओढतंय?" पृथ्वी खाली ओढते आहे, ५०० न्यूटनने. पायाखालचा काटा वर ढकलतो आहे, किती ते माहीत नाही, त्याला `N` म्हणू. तिसरं कुणीच तिला स्पर्श करत नाही. म्हणून बाण दोनच. याला आम्ही फ्री बॉडी डायग्राम म्हणतो. यांत्रिकीतल्या निम्म्याहून अधिक चुका मला या आकृतीतच सापडतात.

त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा आहे. "वेग कुठल्या दिशेला बदलतोय?" वेग वरच्या दिशेला आहे हे खरं, पण तो कमी होतोय. वर जाणाऱ्या वस्तूचा वेग कमी होत असेल तर त्वरण खालच्या दिशेला असतं. वेगाचा बाण वर आणि त्वरणाचा बाण खाली, हे दोन्ही तिने ठिपक्याच्या बाजूला वेगळे काढायला हवेत. बलांच्या बाणांत ते मिसळू देऊ नका. आता न्यूटनचा दुसरा नियम स्वतःहून पुढे येतो. त्वरण खाली आहे, म्हणजे सगळ्या बलांची गोळाबेरीजही खालच्या दिशेलाच असणार. ती किती? ५० गुणिले २, म्हणजे १०० न्यूटन. पृथ्वी ५०० न्यूटनने खाली ओढते आणि शिल्लक राहतात खालच्या दिशेचे १००, म्हणजे काटा ४०० न्यूटनने वर ढकलतो आहे. काट्यावर ४० किलो दिसेल.

यात नवीन सूत्र कुठलंच आलं नाही. जे पाठ केलं होतं त्यात "वर जाताना" या शब्दांनी घात केला, कारण बेरीज की वजाबाकी हे लिफ्ट कुठे चालली आहे त्यावर ठरतच नाही. ते ठरतं त्वरण कुठल्या दिशेला आहे त्यावर. वर निघताना वेग वाढत असतो तेव्हा बेरीज. वर पोचताना वेग घटत असतो तेव्हा वजाबाकी. आणि खाली येणारी लिफ्ट थांबताना पुन्हा बेरीज, कारण तिथे त्वरण वरच्या दिशेला आहे. हे तिला तुम्ही सांगू नका. उत्तर आल्यावर एवढंच म्हणा, "आता लिफ्ट खाली येतेय आणि थांबतेय असं समज, काय बदलेल?" तिने पुन्हा दोन बाण काढले आणि ६०० न्यूटन उत्तर आणलं, तर ते उदाहरण तिचं झालं. एकच परिस्थिती अशी उलटसुलट करून पाहण्यात जी वीस मिनिटं जातात, त्यांतून तिला साच्यातल्या दहा उदाहरणांपेक्षा जास्त मिळेल.

तुम्ही विचारायचे प्रश्न एवढेच आहेत: आपण नेमक्या कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय? तिला कोण ढकलतंय किंवा ओढतंय? तिचा वेग कुठल्या दिशेला बदलतोय? उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळायची गरज नाही. मात्र एक गोष्ट विषय न शिकताही तुम्हाला पकडता येईल, ती अशी.

आकृतीतल्या प्रत्येक बाणाला धनी हवा. "हा बाण कुणाचा?" असं विचारल्यावर पृथ्वी, टेबल, दोरी, जमीन, हवा असं एखादं नाव यायलाच हवं. बरीच मुलं पुढे जाणाऱ्या वस्तूवर पुढच्या दिशेला एक जास्तीचा बाण काढतात. वर फेकलेल्या चेंडूचं चित्र काढायला सांगा. चेंडू हातातून सुटलाय, वर चाललाय, हवेचा विरोध सोडून द्यायचा. पुष्कळ मुलं एक बाण खाली काढतात, गुरुत्वाकर्षणाचा, आणि एक वर. वरचा कुणाचा असं विचारलं की म्हणतात, "हाताचा," किंवा "गतीचा." पण हात तर मागेच राहिला, तो आता चेंडूला शिवतही नाही. आणि गती हे काही बल नव्हे, ते फक्त चेंडूचं चालू असणं आहे. बाण एकच, खालचा, चेंडू वर जात असताना, टोकाला क्षणभर थांबलेला असताना आणि खाली येतानाही. या चुकीबद्दल तिला कमी लेखू नका. जे चाललंय त्याला कुणीतरी ढकलत असणारच, ही समजूत रोजच्या अनुभवातून येते आणि ती फार चिवट असते. सूत्रं पाठ करून ती जात नाही. "हा बाण कुणाचा?" हे पुन्हा पुन्हा विचारल्यानेच जाते.

आकडे लवकर घालण्याची सवयही मोडायला हवी. लिफ्टच्या उदाहरणात शेवटपर्यंत अक्षरं ठेवली तर `N = m(g − a)` असं मिळतं, आणि `a` म्हणजे खालच्या दिशेचं त्वरण हे शेजारी लिहिलेलं असतं. आता या उत्तराची परीक्षा घेता येते. त्वरण शून्य केलं तर `N = mg`, म्हणजे लिफ्ट एकसमान वेगाने चालली असताना काटा नेहमीचंच वजन दाखवतो. बरोबर वाटतं. त्वरण `g` इतकंच केलं, म्हणजे लिफ्ट मोकळी खाली पडतेय, तर `N` शून्य. काट्यावर भारच नाही, हेही पटतं. मधेच आकडे घातले असते तर उरला असता फक्त "४००", आणि ४०० ला काही विचारता येत नाही. अशी टोकाची किंमत घालून पाहायला अर्धं मिनिट लागतं आणि चिन्हांच्या बऱ्याच चुका तिथेच उघड्या पडतात.

आता फिरवून विचारलेल्या प्रश्नाबद्दल. मिशेलीन ची या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवशिके विद्यार्थी आणि विषयात मुरलेले लोक यांना भौतिकशास्त्राची उदाहरणं न सोडवता फक्त गटांत लावायला सांगितली होती. नवशिक्यांनी दिसण्यावरून गट केले: उताराची एकीकडे, स्प्रिंगची एकीकडे, कप्पीची एकीकडे. मुरलेल्यांनी आतल्या तत्त्वावरून केले: ही ऊर्जेची, ही बलांची. तुमच्या मुलीची अडचण मला तरी इथेच दिसते, आणि हा खेळ घरीही करता येतो.

ही तीन उदाहरणं बघा. पहिलं: घर्षण नसलेल्या उतारावरून एक ठोकळा ५ मीटर उंचीवरून सोडला, तळाशी त्याचा वेग किती? दुसरं: दाबलेली स्प्रिंग सोडल्यावर तिच्यावरचा चेंडू किती उंच उडेल? तिसरं: त्याच उतारावर ठोकळा दोरीने थोपवून धरलाय, दोरीतला ताण किती? तिला विचारा, यातली जुळी कुठली. उतार बघून ती पहिलं आणि तिसरं एकत्र ठेवेल अशी शक्यता मोठी आहे. पण पहिल्या दोन्हींत एकाच प्रकारची गोष्ट घडते. साठवलेली ऊर्जा दुसऱ्या रूपात जाते, आणि मधल्या वाटेशी आपल्याला देणंघेणं नसतं. तिसऱ्यात ठोकळा हलतच नाही, म्हणजे सगळी बलं एकमेकांना तोडीस तोड आहेत, बेरीज शून्य आहे. ते बाणांचं उदाहरण आहे.

पहिल्या उदाहरणावर मुलं हटकून एका ठिकाणी थांबतात. "उताराचा कोन दिलेला नाही, मग कसं करू?" हे वाक्य ऐकलंत की समजा, ती उतार बघून "उताराचं सूत्र" शोधते आहे. ऊर्जेकडून गेलं तर कोन लागतच नाही. वरची स्थितिज ऊर्जा `mgh` खाली पूर्णपणे गतिज ऊर्जा `½mv²` होते, वस्तुमान दोन्हीकडून जातं, `v² = 2gh` म्हणजे १०० आणि वेग १० मीटर प्रतिसेकंद. तेच जर "तळाशी पोचायला किती वेळ लागेल?" असं विचारलं असतं, तर मात्र कोन हवाच होता, कारण वाट किती लांब आणि किती चढी यावर वेळ ठरतो. प्रश्नातला एक शब्द बदलला आणि तत्त्व बदललं.

आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या धड्यांमधली आठ-दहा उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा. सोडवायची नाहीत. प्रत्येकावर तिने फक्त एक वाक्य बोलायचं: "इथे अमुक तत्त्व चालेल, कारण तमुक." "कारण" नंतर काय येतं ते कान देऊन ऐका. "कारण उतार आहे" हे कारण नव्हे. "कारण घर्षण नाही, म्हणून ऊर्जा कुठे हरवत नाही" हे कारण आहे. "टक्कर होताना बाहेरून कुणी ढकलत नाही, म्हणून एकूण संवेग तेवढाच राहील" हेही कारण आहे. धड्याच्या शेवटी दिलेल्या उदाहरणांत ही निवड करावीच लागत नाही, धड्याचं नावच उत्तर सांगून टाकतं. परीक्षेत ते नाव पुसलेलं असतं. चिठ्ठ्या मिसळण्याचं कारण हेच.

सोडवलेली उदाहरणं वाचायला तिला मनाई करू नका. "स्वतः सोडव, उत्तर बघू नकोस" हे ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण नवीन धडा शिकणाऱ्याला नीट सोडवलेल्या उदाहरणातून फार मिळतं, ते कसं वाचतो यावर सगळं आहे. कागदाने खालचा भाग झाकायचा, एक ओळ वाचायची, ती ओळ का लिहिली ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, पुढची काय असेल याचा अंदाज करायचा आणि मगच कागद खाली सरकवायचा. "इथे `cos` का घेतला?" याचं उत्तर देता आलं नाही तर तिथे पेन्सिलने खूण करून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायचं. डोळे फिरवून "कळलं" म्हणणं आणि कळणं यांतला फरक या झाकाझाकीत ताबडतोब दिसतो.

ती अडली की किती वेळ अडू द्यायचं, हे तिच्या कागदाकडे बघून ठरवा. आकृती बदलतेय, काही खोडलं जातंय, दुसऱ्या वस्तूचा ठिपका काढून पाहिला जातोय, तोवर कितीही वेळ जाऊ दे, मधे बोलू नका. पेन्सिल थांबलीय आणि ती तोच प्रश्न चौथ्यांदा वाचतेय असं झालं की उत्तराची फक्त पहिली ओळ उघडू द्या, पूर्ण उत्तर नाही. त्या एका ओळीने बहुतेक वेळा गाडी पुढे जाते. आणि ज्या उदाहरणाचं पूर्ण उत्तर बघावं लागलं, ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करायचं. उत्तर बघितल्या बघितल्या केलेलं मोजू नका, तेव्हा नुसती आठवण चालते.

या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दोन तासांत होणारी उदाहरणं एकदम कमी होतील. चार झाली तरी पुरे. इतर मुलांची वही भराभर भरतेय हे बघून तिला धास्ती वाटेल, तुम्हालाही वाटेल. त्या वेळी वहीची पानं मोजू नका. तिने आकृती स्वतःहून काढली का, ते बघा. आकृती काढ असं तुम्हाला सांगावं लागत नाही त्या दिवशी समजा की गाडी रुळावर आली. आधी गुण वाढतीलच असं मात्र नाही. सुरुवातीचे काही आठवडे वेग कमी झाल्यामुळे पेपर अर्धवट राहू शकतो. परीक्षा अगदी तोंडावर असेल तर ही पद्धत सगळ्या प्रश्नांना लावू नका, रोज एकाच उदाहरणापासून सुरुवात करा.

याला एक मर्यादा आहे. काही मुलांची आकृती बरोबर असते, तत्त्वही बरोबर निवडलेलं असतं, आणि गाडी पुढे समीकरणात अडते. बलाचे उतारावर दोन भाग करताना `sin` आणि `cos` ची अदलाबदल, दोन समीकरणांतून एक अज्ञात काढताना गोंधळ, चिन्ह सुटणं. म्हणून प्रत्येक चुकलेल्या उदाहरणाशेजारी तिला चार शब्दांपैकी एक लिहायला सांगा: वाचन, आकृती, तत्त्व, गणित. गाडी पहिल्यांदा जिथे घसरली तो शब्द. तीन-चार आठवड्यांनी वही चाळा. "आकृती" आणि "तत्त्व" जास्त असतील तर वर लिहिलेलंच पुढे चालू ठेवा. "वाचन" जास्त असेल तर प्रश्न मोठ्याने वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. "हळूहळू", "स्थिर", "विराम अवस्थेतून", "गुळगुळीत" असे शब्द माहितीच देत असतात. "विराम अवस्थेतून" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य आणि "गुळगुळीत" म्हणजे घर्षण नाही, पण आकड्यांच्या मागे लागलेल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. आणि "गणित" हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला, तर शिकवणी लावायला हरकत नाही. मग ती बीजगणित आणि त्रिकोणमितीची लावा, भौतिकशास्त्राची नको, आणि जाताना ही वही त्या शिक्षकांना दाखवा.